हप्ता आठ तारखेला

बँकेत कर्जाच्या टेबलावरचा बाबू पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. समोर नर्सबाई उभी होती, रात्रपाळी करून थेट आलेली. टोपणाला जे लागलं ते त्याने टेबलाच्या कडेला पुसलं आणि तेच पेन तिच्यापुढे सरकवलं. ‘‘सही करा. बाउन्स चार्जची पावती.’’

तिने त्या पेनाला हात लावला नाही. रोज जखमा धुणारी बाई ती, पू-रक्ताला कधी नाक मुरडलं नव्हतं. तिने पर्समधलं स्वतःचं पेन काढलं.

हॉस्पिटल नव्या मालकाने घेतलं आणि पगार एक तारखेवरून सातवर गेला. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र तीन तारखेलाच कापायला यायचा. तीन महिने त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला; पगार झाल्यावर तिने तो भरला, तरी दर वेळी दंड बसला. वर जामीनदार म्हणून तिच्या दादाला बँकेचा मेसेज. दादा लगेच फोन करायचा, तोही स्पीकर लावून, म्हणजे वहिनीलाही ऐकू जावं. ‘‘तुझ्यापायी माझी अब्रू चव्हाट्यावर आली गं!’’ जणू तिने दरोडा घातला होता.

‘‘हप्त्याची तारीख बदलता येईल का?’’ तिने विचारलं.

‘‘नाही हो. आणि बदलली तर दर महिन्याला जास्तीचं व्याज बसेल. परवडणार नाही तुम्हाला.’’ मग बाबू पुढे वाकला, खासगीतलं सांगावं तसं हसला. ‘‘खरं सांगू? तुमच्या हॉस्पिटलची पगाराची तारीख बदलल्यापासून आमच्या शाखेचं उत्पन्न झकास चाललंय. साहेब खूश आहेत. तुम्ही एखादी विमा पॉलिसी घ्या, मग बघतो तुमचं.’’

बाहेर येऊन तिने पायरीवरच पाण्याची बाटली संपवली. तोंडाची कडू चव जाईना. म्हणजे हे काय चाललंय ते यांना ठाऊक होतं. आयाबाया, वॉर्डबॉय, सगळ्यांचे दंड मोजून हे लोक हात चोळत बसले होते.

त्या दुपारी हॉस्पिटलात परतून तिने नर्सेसच्या खोलीत पत्र लिहायला घेतलं. औषधांच्या काउंटरवरची मैत्रीण शेजारी डबा खात होती.

‘‘दर महिन्याला व्याज कसं वाढेल गं?’’ नर्सबाई म्हणाली. ‘‘तीनचा हप्ता आठला गेला, तर पाच दिवस उशीर एकदाच. पुढे आठ ते आठ महिनाच की.’’

‘‘मग तेच लिही. आकड्यांसकट.’’

तिने लिहिलं: ‘‘तीन तारखेचा हप्ता भरल्यावर माझी मुद्दल ३,६५,००० राहते. व्याजदर बारा टक्के, म्हणजे वर्षाचे ४३,८००, दिवसाचे १२०. तारीख पाच दिवस पुढे गेल्यास एकूण ६०० व्याज वाढते. ते मी पहिल्या नव्या हप्त्यासोबत भरेन. म्हणजे मासिक हप्ता तेवढाच राहील आणि कर्ज फक्त पाच दिवस उशिरा फिटेल. पगार सात तारखेला होतो, त्याचा दाखला जोडला आहे. नकार असल्यास कारण लेखी द्यावे.’’

मैत्रीण घास हातातच धरून म्हणाली, ‘‘अगं, एका दंडातच हे सहाशे जातात! माझाही हप्ता तीनचाच. मलाही दे लिहून.’’

संध्याकाळपर्यंत अकरा जणींनी आपापली मुद्दल आणि व्याज मांडलं. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बाबूच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

‘‘मोर्चा आणलात की काय?’’ बाबू खवचटपणे म्हणाला.

‘‘पत्रं आणलीत. पोच द्या. प्रत मुख्य कार्यालयाच्या तक्रार विभागालाही गेलीय.’’

त्याचा चेहरा उतरला. शिक्के मारताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. हप्ता आठ तारखेला, फरकाचं व्याज सहाशे, एकदाच. खात्यातून रक्कम कापण्याच्या नव्या परवानगीवर तेवढी सही हवी. घेतलेले दंड मात्र परत मिळणार नाहीत, ‘नियमानुसार’ घेतल्यामुळे. तो शब्द वाचून नर्सबाईने कागद पालथा ठेवला.

ती सही करून निघाली तसा बाबू लाडात येऊन म्हणाला, ‘‘बघा, केलं की नाही तुमचं काम? आता पेढे तरी द्या!’’

‘‘तुम्ही काय केलंत?’’ तिने शांतपणे विचारलं. रांगेतले लोक वळून बघू लागले. ‘‘तुम्ही मला खोटं सांगितलंत. माहीत असून.’’

तो खोटंखोटं खोकला आणि कागद चाळू लागला.

आठ तारखेला हप्ता बिनबोभाट गेला. रात्री दादाचा फोन आला, स्पीकरवरच. ‘‘या वेळी मेसेज नाही आला. मी ओरडलो म्हणूनच सुधारलीस ना?’’

मागे वहिनी हसली.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘तीन महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस, पगार का उशिरा होतोय ते.’’

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही, फोन ठेवून दिला.