सत्तावन्नावं पान

बावीस वर्षं मी पुस्तकांची पानं लावते आहे आणि कवींशी वाद घालण्यात माझा हात कोणी धरत नाही. या वेळचे कवी मात्र दोन वर्षांपूर्वी वारलेले होते, म्हणून वाद त्यांच्या बायकोशी, म्हणजे काकूंशी होता. जमिनीची मोजणी करणारा माणूस, फावल्या वेळात वहीत कविता लिहायचा. त्यांच्या मुलीने त्या टाइप करून फाइल माझ्याकडे आणली होती.

आकार ठरला साडेपाच बाय साडेआठ इंच, कारण त्यांची सर्वांत लांब ओळ त्यात न मोडता बसत होती. शिवणीकडचा समास मी जास्त ठेवला, नाहीतर ओळींची सुरुवात घळीत जाते. पानांचे आकडे खाली, मधोमध. डाव्या पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव, उजव्यावर कवितेचं. जिथे कविता सुरू होते तिथे माथा कोरा. काकूंना ती माथ्यावरची ओळ पसंत नव्हती. कवितेच्या डोक्यावर ओझं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकून घेतलं आणि ओळ ठेवली.

शेवटचं प्रूफ बघायला दोघी माझ्या खोलीवर आल्या. सगळं शहाण्णव पानांत, सोळा-सोळा पानांच्या सहा फर्म्यांत चोख बसलं होतं. मी खुशीत होते. काकूंनी सत्तावन्नाव्या पानावर बोट ठेवलं.

"ही काढून टाका."

माझं डोकं फिरलं. एक पान काढलं की पुढची सगळी सरकतात. साठाव्या पानापासूनच्या पाच कविता दोन-दोन पानांच्या होत्या आणि त्या समोरासमोर याव्यात म्हणून मी प्रत्येक डाव्या पानावर सुरू केली होती. मुलगीही चिडली. बाबांची सर्वांत चांगली कविता तीच, आई उगाच हट्ट करते, असं ती मलाच सांगू लागली.

कवितेचं नाव 'फाटा'. शेवट असा:

फाट्यापर्यंतची सोबत पुरे.
पुढची वाट मला एकट्याला दे.

काकू शांतपणे म्हणाल्या, "एकोणीस वर्षांपूर्वी वही टेबलावर उघडी राहिली होती. मी हे वाचलं आणि वही मिटली. त्यांना कधी विचारलं नाही. आता लोकांनीही वाचावं का?"

माझा राग जागच्या जागी विरला. पण काढायचीच तर मूळ बघून काढावी, हा माझा नियम. मी वही मागितली. काकूंनी ती पिशवीतच आणली होती, फक्त स्वतः उघडत नव्हत्या.

मोजणीदाराचीच वही ती. प्रत्येक कवितेच्या वर नाव, खाली तारीख. तारखा छापायच्या नाहीत असं ठरल्यामुळे मुलीने त्या टाइप केल्याच नव्हत्या. 'फाटा' उजव्या पानाच्या अगदी तळाला संपत होती आणि तिच्याखाली तारीख नव्हती. मी मागे-पुढे सगळी वही चाळली. तारीख नसलेली एवढी एकच. मग पान उलटलं. मागच्या बाजूच्या ओळींच्या वर नाव नव्हतं, खाली मात्र तारीख होती.

"या कवितेला 'शंभर पावलं' हे नाव कोणी दिलं?" मी मुलीला विचारलं.

"मीच. नाव दिसलं नाही, म्हणून पहिल्या ओळीतले शब्द घेतले."

मी वही काकूंसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच वाचलं:

शंभर पावलं मोजली आणि थांबलो.
किल्ली तुझ्याकडे, हाक तुझ्याकडे.
मी परत आलो.

काकू म्हणाल्या, "मी पान उलटलंच नाही." मुलगी त्यांच्या खुर्चीला टेकून बसली आणि रडू लागली. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही. पण काम हातात होतं.

कारण माझ्या मांडणीतही तोच घोळ होता. दोन्ही भाग जोडले तरी 'फाटा' सत्तावन्नवर, म्हणजे उजव्या पानावर सुरू होत होती आणि उरलेली पान उलटून अठ्ठावन्नवर जात होती. वाचणारा पुन्हा तळाशी थांबला असता. एकोणसाठवर एकपानी कविता होती. ती उचलून मी सत्तावन्नवर आणली आणि 'फाटा' अठ्ठावन्न-एकोणसाठवर समोरासमोर ठेवली. अनुक्रमणिकेतून 'शंभर पावलं' हे नाव गेलं, दोन आकडे बदलले. पुढचं एकही पान हललं नाही आणि फर्मे सहाच राहिले. एवढं मला येतं.

नवं प्रूफ काढून मी दोन्ही पानं टेबलावर शेजारी-शेजारी मांडली. डाव्या पानाचा माथा कोरा, तिथे कविता सुरू होत होती. उजव्या पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत आलं होतं: फाटा.

काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे अजून तीच कविता चालू आहे."

"हो काकू."

"मग ही ओळ राहू दे," त्या म्हणाल्या आणि प्रूफवर सही केली.