नोट्स कुणाला दिसत नसतात

बोरीच्या शाळेत संगणकावर बसायचा हक्क कुणाचा, हे ठरवायची वेळ कधी आलीच नाही, कारण तिथं बसायची एकटी बबिता. बाकीची पोरं संगणक खोलीत पंख्यासाठी जायची. बबिताच्या घरी सत्तर मेंढ्या, बारा बकऱ्या आणि एक मोबाइल, तोही बापाच्या, म्हणजे येडबाच्या, बंडीच्या खिशात. त्यामुळं दुपारच्या सुट्टीत ती डबा मांडीवर घेऊन कीबोर्डापुढं बसायची आणि एका हातानं भाकरी, एका हातानं माऊस असा तिचा संसार चालायचा.

दहावीचं वर्ष होतं. जिल्ह्याच्या विज्ञान मेळाव्यासाठी प्रकल्प काढायचा होता, आणि बबिताला विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही. काढलेल्या ज्वारीच्या बुडख्याला पाऊस उघडल्यावर जो कोवळा फुटवा येतो, तो मेंढरानं खाल्ला की घटकाभरात मेंढरू आडवं होतं. हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक. पण किती उंचीपर्यंतचा फुटवा वाईट, कापल्यावर किती दिवसांनी धोका टळतो, हे कुणी मोजलं नव्हतं. बबितानं मोजलं. अकरा वावरं, चाळीस दिवस, शाळेची मोजपट्टी. कुठल्या वावरात कुणाचं जनावर आडवं झालं, किती उंचीच्या फुटव्यानं झालं, सगळं वहीत. गुडघ्याच्या खालचा फुटवा म्हणजे जनावराला बांधच ओलांडू देऊ नये, असं तिचा आलेख सांगत होता.

योगीराज सर विज्ञान शिकवायचे. आलेख बघून ते खुर्चीतून उठले होते, खरंच उठले होते. मग त्यांनीच तिला प्रेझेंटर व्ह्यू दाखवला. मेळाव्यात हातात कागद धरायला बंदी होती. पण लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला आणि पडदा वेगळा केला, की भिंतीवर नुसती स्लाइड दिसते आणि लॅपटॉपवर स्लाइडच्या बाजूला आपण लिहिलेल्या नोट्स, पुढची स्लाइड छोटी करून, वर घड्याळ. बघणाऱ्याला काय, तो भिंतीकडं बघतो.

"तुला जसं येतं तसं लिही," सर म्हणाले होते. "शुद्ध-अशुद्ध बघू नको. नोट्स कुणाला दिसत नसतात."

मग बबितानं लिहिलं. बाराच्या बारा स्लाइडखाली, घरी बोलते तसं, आपल्या तोंडचं. लिहिताना ती एकटीच हसायची, एका ठिकाणी मात्र रडली. ती पाचवी स्लाइड. तिच्यावर मेलेल्या कोकराचा फोटो होता. मागल्या साली कळप तिनंच वळवला होता फुटव्याच्या वावरात, आई, म्हणजे भागुबाई, नको म्हणत असताना.

मेळाव्याला आठ दिवस राहिले आणि सरांनी तिला बाजूला घेतलं. वैयक्तिक गटात शाळेचा एकच विद्यार्थी घेणार होते, आणि नाव भक्तीचं गेलं होतं. भक्ती म्हणजे संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव यांची मुलगी, बबिताच्याच वर्गातली, तिची मैत्रीणही. चष्मा, दोन वेण्या, वक्तृत्वाच्या ढाली. भाषा अशी की रेडिओ लावल्यासारखं वाटायचं. सरांनी समजावलं की परीक्षक बाहेरचे असतात, उच्चार बघतात, आणि बबिताशिवाय तर पान हलणार नाही, कारण स्लाइडी पुढं सरकवायला भक्तीजवळ तीच बसणार. पुढच्या वर्षी मात्र नक्की तिचं नाव.

पुढच्या वर्षी ती या शाळेत नसणार, दहावी म्हणजे शेवट, हे सरांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं ते बोलून दाखवलं नाही. तिला इतकंच हवं होतं की त्या कामाला तिचं नाव लागावं. बाकी ढाल-बिल गेली वाऱ्यावर.

परभणीला कॉलेजच्या सभागृहात नंबर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तीनशे खुर्च्या, पुढच्या रांगेत तीन परीक्षक आणि व्यंकटराव. सभागृहाच्या माणसानं केबल खोचून दिली. भिंतीवर लॅपटॉपचंच चित्र जसंच्या तसं आलं. बबितानं विंडोजचं बटण दाबून पी दाबलं, एक्स्टेंड निवडलं, तशी भिंत रिकामी झाली, नुसता वॉलपेपरवरचा निळा डोंगर. योगीराज सर घाबरले, गेलं का सगळं म्हणून पुढं धावले. बबिताला हसू आलं. तिनं शो सुरू केला, भिंतीवर पहिली स्लाइड उमटली आणि लॅपटॉपवर नोट्स. भक्तीला चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून बबितानं नोट्सचं अक्षर चांगलं हरभऱ्याएवढं केलं.

"एकदम सावकाश सरकव हं," भक्ती कानात म्हणाली. तिचे हात गार पडले होते. बबितानं ते एकदा दाबले. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत तिच्या मनात काही नव्हतं.

भक्ती सुंदर बोलली. हे कबूल करायलाच पाहिजे. खाली नजर टाकायची आणि "आलता" वाचून "आला होता" म्हणायची, "ठावं न्हाई" वाचून "कल्पना नव्हती" म्हणायची, मध्ये पापणीसुद्धा लवायची नाही. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या स्लाइडला आलेख आला आणि मधल्या परीक्षक बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. बबिताच्या पोटात एकदम गोड झालं. माझं लिहून घ्यायल्या, असं तिला वाटलं.

मग पाचवी. भिंतीवर कोकरू.

भक्तीनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं. आवाज बारीक केला.

"हे कोकरू आमचं. मी स्वतःच्या हातांनी त्याला पाणी पाजलं, पण ते वाचलं नाही. त्याला त्या शेतात कुणी नेलं होतं? मीच. दोष माझाच होता."

शेवटी आवाज थरथरला. वक्तृत्वात थरथरतो तसा, बरोबर जागेवर. परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळ्याला रुमाल लावला.

बबिता खुर्चीत ताठ झाली. प्रकल्प दिला होता. आलेख दिला होता. पण ते पाप तिचं होतं, तिनं आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्याच्यासाठी, ते काही कुणाला दिलं नव्हतं. तिनं माऊस वर नेला. डिस्प्ले सेटिंग्ज. खाली यादी उघडली, त्यात पहिलंच होतं, स्वॅप, म्हणजे दोन्ही पडद्यांची अदलाबदल. तिनं दाबलं.

लॅपटॉपवर नुसतं कोकरू आलं, पडदाभर. आणि भिंतीवर गेलं ते सगळं: डावीकडं कोकरू, वर पळतं घड्याळ, उजवीकडं पुढची स्लाइड आणि तिच्याखाली हरभऱ्याएवढ्या अक्षरात बबिता.

*हे कोकरू आमचं. म्या माज्या हातानं पानी पाजलं पर वाचलं न्हाई. त्येला त्या वावरात कुनी नेलं? मीच. आय नको म्हनत हुती.*

दोनेक सेकंद कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "म्या माज्या," आणि सभागृह फुटलं. पोरं हसली, पोरांच्या पुढं बसलेले मास्तर हसले. एक मास्तर शेजारच्याला म्हणाला, जिंतूरकडचं दिसतंय. बबितानं असं धरलं होतं की लोक वाचतील आणि गप होतील. लोक वाचायलेही आणि हसायलेही.

भक्तीनं मागं वळून भिंत पाहिली. मग बबिताकडं पाहिलं, आणि तिला कळलं. तोंड पांढरं पडलं तिचं. बबिताला वाटलं, आता बोलेल. खरं तेच बोलेल. वक्तृत्ववाली आहे पण मैत्रीण आहे.

"हे कोणी लिहिलंय?" परीक्षक बाईंनी विचारलं. हसणं थांबलं.

भक्तीनं ओठ ओले केले. "मॅडम, ही माझी मूळ टिपणं आहेत. मेंढपाळ जसं बोलतात तसंच उतरवून घेतलंय, त्यांच्याच तोंडचं. बोलताना मी त्यांच्या जागी उभी राहून बोलले."

बाई सावरून बसल्या. शेजारच्या परीक्षकाकडं वळून म्हणाल्या की बघा, याला म्हणतात क्षेत्रकार्य, एक शब्द बदललेला नाही मुलीनं, आणि समोर वाचून तिथल्या तिथं प्रमाण भाषेत मांडत होती. दुसऱ्यांनी पण मान डोलावली. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, हसल्याची भरपाई म्हणून असेल.

बबिता उभी राहिली.

"मॅडम, ते माझं हाय," ती म्हणाली. "म्या लिवलंय ते."

हाय. म्या. लिवलंय. मागं परत खुसखुस झाली. बाई मात्र हसल्या नाहीत, फार मायेनं बघितलं त्यांनी तिच्याकडं.

"तूच का ती? मेंढ्या तुमच्याच ना? छान सांगितलंस गं हिला सगळं. आपली भाषा बोलायला लाजू नये कधी."

बबितानं तोंड उघडलं, तर योगीराज सर मागून आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच खाली दाबला. वेळ संपत आली होती. तिनं बसून यादीतलं स्वॅप परत दाबलं. भिंतीवर कोकरू एकटं राहिलं. उरलेल्या सात स्लाइडी तिनं वेळेत सरकवल्या, एकही अडखळू न देता. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

पहिला नंबर भक्तीचा. राज्यपातळीवर निवड. फोटोच्या वेळी बाईंनी बबितालाही बोलावून टोकाला उभं केलं आणि माहिती देणारी म्हणून तिची ओळख करून दिली. व्यंकटरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना जीपमध्ये सर पुढं, पोरी मागं. सर खुशीत होते. स्क्रीन आपोआप उलटली ते बरंच झालं, असं ते ड्रायव्हरला सांगत होते. आपोआप. बबिता खिडकीतून बघत होती. वाटेत एका फाट्याला भक्ती सरकून जवळ आली.

"मला दुसरं काही सुचलंच नाही गं," ती म्हणाली. "पप्पा समोर बसलेले."

बबितानं काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"राज्याला पंधरा मिनिटं देतात. बाई म्हणाल्या, अजून वाढवा. तू अजून लिहून देशील ना? तसंच लिही, तुमच्या भाषेत. त्यांना तेच आवडलंय."

"माझ्याकडं लय हाय अजून," बबिता म्हणाली. "त्या अकरांबिगर आणखी सतरा वावरांचं हाय. पर ते मी लिहीत न्हाई आता. डोक्यात ठेवलंय."

"मग मी काय बोलू तिथं?"

"स्लाइडवर हाय की," बबिता म्हणाली. "सगळ्यांना दिसतंय ते वाच."

भक्ती रडायला लागली. सरांनी मागं वळून विचारलं काय झालं, तर बबितानं सांगितलं, गाडी लागली तिला, आणि आपल्या बाजूची काच खाली केली.