उणे एक-तृतीयांश कॉपी

छापाकाटा सरांच्या खुर्चीला पाय चार होते, पण त्यातले जमिनीला टेकायचे तीनच. चौथ्याखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सारली होती. अर्थशास्त्र विभागात हंगामी प्राध्यापकाला धड खुर्ची द्यायची नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो फार काटेकोरपणे पाळला जायचा. कायम माणसांना हातांची, गादीची, गोल फिरणारी खुर्ची. सरांना दरवर्षी नव्याने नेमणूक मिळायची आणि दरवर्षी नवा पुठ्ठा.

'छापाकाटा' हे नाव त्यांना मुलांनी ठेवलं होतं. सर खेळांचा सिद्धांत शिकवायचे, म्हणजे दोन माणसं एकमेकांवर नजर ठेवून आपापली चाल कशी ठरवतात, त्याचं गणित. पहिल्याच तासाला ते खिशातून नाणं काढून उडवत आणि म्हणत, "मी काय करणार ते मलाच माहीत नाही, मग तुम्हाला कुठून कळणार?" मुलं खूश व्हायची. विभागप्रमुख बाई मात्र म्हणायच्या, "अहो, नाणं ठीक आहे, पण तुम्ही पायरी गाळता. आकडे दिसले रे दिसले की लागलात सोडवायला! आधी चौकटीकडे नीट बघत जा." सर मान डोलवत आणि पुन्हा सोडवायला लागत.

यंदा विभागात एक कायम जागा निघाली. मुलाखत म्हणजे खऱ्याखुऱ्या वर्गासमोर एक तास घ्यायचा आणि मागच्या बाकांवर निवड समिती बसणार. ही जागा हुकली, तर पुढच्या वर्षापासून हंगामी नेमणुकाच बंद होणार होत्या. थोडक्यात, मिळाली तर खुर्ची, नाही तर पुठ्ठासुद्धा नाही.

आदल्या संध्याकाळी सरांनी घरी रंगीत तालीम केली. बायको कपड्यांना इस्त्री करत होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि नवऱ्याचा विषय तिने इतकी वर्षं ऐकला होता की अर्धा तिलाही पाठ झाला होता. सरांनी कपाटाच्या दारावर खडूने चौकट काढली.

"बघ. इकडे विद्यार्थी. तो कॉपी करेल किंवा सचोटीने लिहील. तिकडे पर्यवेक्षक. तो वर्गात फिरेल किंवा खुर्चीत बसून राहील. सचोटीने लिहिलं तर विद्यार्थ्याला शून्य, ना नफा ना तोटा. कॉपी केली आणि पर्यवेक्षक बसलेला असला तर चार. फिरत असला तर पकडला गेला, उणे सहा."

"आणि त्या पर्यवेक्षकाला काय?"

"पोरं सचोटीची असताना बसला तर आराम, तीन. फिरला तर पायपीट, दोन. कॉपी चाललेली असताना फिरला तर पकडल्याची शाबासकी, चार. बसून राहिला तर शून्य. आता यात कोणालाच एक चाल ठरवून टाकता येत नाही. हा फिरला तर तो सचोटीने लिहितो, तो सचोटीने लिहायला लागला की हा बसतो, हा बसला की तो कॉपी करतो, तो कॉपी करायला लागला की हा उठतो."

"उंदीर-मांजर."

"तेच! म्हणून दोघांनीही मिसळून खेळायचं, कधी हे तर कधी ते. किती वेळा, तर समोरच्याला आपल्या दोन्ही चाली सारख्याच वाटतील इतक्या वेळा. गंमत अशी की विद्यार्थ्याचं प्रमाण पर्यवेक्षकाच्या आकड्यांवरून निघतं आणि पर्यवेक्षकाचं विद्यार्थ्याच्या. कॉपी पाचातून एकदा, फेऱ्या पाचातून दोनदा. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. शिक्षा वाढव, उणे सहाची उणे सोळा कर. फेऱ्या पाचातून एकदाच उरतात, पण कॉपी? पाचातून एकदा होती ती तशीच! मुलं पकडली जायला घाबरतात म्हणून सर निवांत बसतात, आणि सर बसले म्हणून मुलं पुन्हा मूळपदावर."

बायकोने इस्त्री उभी केली. "शिक्षा वाढवल्याची नोटीस तुमच्या प्राचार्यांनी परवाच लावलीय ना? आणि ते समितीत आहेत?"

"आहेत. पण त्यांना काही समजणार नाही."

"समजलं नाही तर म्हणतील, याला शिकवता येत नाही. समजलं तर म्हणतील, हा माझीच टिंगल करतो. ते काहीही करोत, दुसरं एखादं गुळगुळीत उदाहरण घेण्यातच तुझं भलं आहे. याला तुमच्यात काय म्हणतात रे?"

याला त्यांच्यात 'वरचढ चाल' म्हणतात. समोरचा काहीही करो, जी चाल दुसरीपेक्षा चांगलीच पडते ती. अशी चाल हाती असली तर नाणं खिशातच ठेवायचं असतं. सरांनी हे शेकडो मुलांना शिकवलं होतं. स्वतःच्या घरात मात्र ते बायकोकडून ऐकावं लागलं, याचा त्यांना थोडा रागच आला. शेवटी उदाहरण हेच ठेवायचं आणि शिक्षेचा भाग गाळायचा, असा तह झाला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात शिरले तेव्हा मागे प्राचार्य आणि विभागप्रमुख बाई बसल्या होत्या. तिसरे होते बाहेरून आलेले तज्ज्ञ, एक वयोवृद्ध प्राध्यापक. त्यांच्यासाठी ऐनवेळी एक खुर्ची कमी पडली होती आणि शिपायाने हाताला लागेल ती आणून ठेवली होती. सरांनी ती लांबूनच ओळखली. पुठ्ठा मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला होता. तज्ज्ञ पुढे झुकले की खुर्ची टक्क करायची, मागे रेलले की टुक्क.

तरी तास छान रंगला. पर्यवेक्षक फळ्यावर उठले, बसले. पोरं हसली. कॉपी पाचातून एकदा, फेऱ्या पाचातून दोनदा. एवढ्यात पहिल्या बाकावरची शंकेखोर मुलगी उभी राहिली. वर्गात तिला सगळे 'शंका'च म्हणत.

"सर, शिक्षा वाढवली तर कॉपी कमी होईल ना?"

प्राचार्य सरसावून बसले. चेहऱ्यावर मंद हसू होतं.

सरांना वाटलं, 'वेळ संपत आला, हे पुढच्या तासाला' असं म्हणावं. पण पुढचा तास त्यांचा असेलच असं नव्हतं, आणि पोरगी खरंच विचारत होती. इतकी वर्षं तीन पायांवर बसून त्यांनी एकच चैन केली होती, ती म्हणजे वर्गात खोटं न बोलण्याची. ती मोडायला जीव होईना.

"नाही होणार," ते म्हणाले आणि सहाचे सोळा करून दाखवले. "कमी होतील त्या सरांच्या फेऱ्या. कॉपी आहे तिथेच."

प्राचार्यांचं हसू मावळलं. "म्हणजे आमची नोटीस फुकट?"

"नोटिशीने पर्यवेक्षकांना विश्रांती मिळेल, सर."

पोरं खो खो हसली. विभागप्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, सरांना मनोमन पटलं.

तेवढ्यात टक्क झालं. तज्ज्ञ पुढे झुकले होते.

"एक विचारू का? पर्यवेक्षकाला बसण्याचे तीन कशासाठी दिलेत?"

"आराम, सर."

"आराम?" टुक्क. "ही खुर्ची बघताय ना? यात बसून दाखवा आणि मग तीन द्या. तिथे एक लिहा. मग कॉपी किती होते ते सांगा."

सरांनी तीन पुसून एक लिहिला आणि लागले सोडवायला. फिरण्याची किंमत एका बाजूला, बसण्याची दुसऱ्या बाजूला, दोन्ही सारख्या करायच्या, हात सरावाने धावत होता. शेवटी त्यांनी ऐटीत खाली दोन रेघा ओढल्या. उत्तर आलं होतं, उणे एक-तृतीयांश.

पोरं उत्तर उतरवता उतरवता थांबली.

"सर," शंका म्हणाली, "उणे कॉपी म्हणजे काय? उत्तरं सांगायला आपण होऊन पर्यवेक्षकांकडे जायचं का?"

हशा असा उसळला की प्राचार्यसुद्धा त्यात सापडले. सरांचे कान गरम झाले. कायम जागा, गोल फिरणारी खुर्ची, सगळं त्या एका उण्याच्या चिन्हामागे नाहीसं होताना त्यांना दिसलं. फार वाईट वाटलं त्यांना. डस्टर उचलून त्यांनी ते उत्तर पुसायला हात वर केला.

आणि हात तसाच राहिला, कारण तेवढ्यात पहिल्यांदाच त्यांनी चौकटीकडे नीट पाहिलं.

मुलं सचोटीची असली तर फिरण्याचे दोन, बसण्याचा एक. कॉपी करत असली तर फिरण्याचे चार, बसण्याचं शून्य. दोन्हीकडून फिरणंच वरचढ! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"हे मी पुसणार नाही," ते वळून म्हणाले. "माझी चूक आहे आणि ती तुम्ही सगळ्यांनी लिहून घ्या. शक्यता शून्याखाली गेली किंवा एकाच्या वर गेली, तर समजायचं की चौकट आपल्याला ओरडून सांगतेय, अरे शहाण्या, इथे मिसळायचं काही नाहीच. आधी वरचढ चाल शोधायची. ही पायरी गाळू नका असं मला कित्येकदा सांगितलं गेलंय." बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "आता बघा. बसण्यात मजाच उरली नाही, तर पर्यवेक्षक सरळ फिरत राहणार. तो फिरणारच हे विद्यार्थ्यालाही ठाऊक. मग कॉपी केली तर उणे सहा, न केली तर शून्य. तो काय करेल?"

"सचोटीने लिहील!" वर्ग ओरडला.

"दर वेळी. कॉपी शून्य. नाण्याचं कामच नाही."

प्राचार्य सावकाश उभे राहिले. "थांबा. म्हणजे शिक्षा वाढवून जे होत नाही, ते नुसती खुर्ची वाईट करून होतं?"

"या आकड्यांत तरी होतं, सर."

"मग वाईट तरी कशाला ठेवायची?" प्राचार्य म्हणाले. "काढूनच टाकू."

तज्ज्ञांनी टक्क करून दाद दिली.

निवडीचं पत्र आलं तेव्हा बायकोने ते दोनदा वाचलं. "माझी चौकट चुकली," ती म्हणाली. "मी त्या म्हाताऱ्याला धरलंच नव्हतं. आणि खुर्चीला तर नाहीच नाही." मग ती रडली आणि सरांनाही रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

विभागात त्यांना खुर्ची मिळाली, हातांची, गादीची, गोल फिरणारी. तिच्यात दोन दिवस बसले असतील नसतील, तोवर परीक्षा सुरू झाल्या. सगळ्या परीक्षा-वर्गांतल्या खुर्च्या प्राचार्यांच्या हुकुमाने गोदामात गेल्या होत्या. कायम प्राध्यापक पाय चोळत होते आणि छापाकाटा सरांच्या नावाने बोटं मोडत होते. सर स्वतः तीन तास फिरत होते. नवे बूट चावत होते.

शेवटच्या रांगेत त्यांच्याच वर्गातला एक मुलगा घामाघूम झाला होता. सर जवळून गेले तेव्हा नकळत नजर पडली. चौकट होती, समीकरण होतं, आणि खाली ऐटीत दोन रेघा ओढलेलं उत्तर, उणे एक-चतुर्थांश. सरांची जीभ शिवशिवली. पण पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं. ते ओठ आवळून पुढे चालू लागले, एक पाय जरा लंगडत.

मुलाने त्रासून मान वर केली. त्याने सरांना लंगडताना पाहिलं. मग पर्यवेक्षकाची खुर्ची जिथे असायची त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पुन्हा सरांकडे.

आणि त्याने ते उत्तर खोडायला घेतलं.