विठाबाईंची पोत

हैदराबादच्या काचीगुड्यात राहणाऱ्या दीपमालाची १९९५ साली कायद्याची परीक्षा होती. तिची आई विठाबाई गोंगुरा, म्हणजे अंबाडीची भाजी, निवडता निवडता तिला प्रश्न विचारत होत्या.

“रस्त्यात कुणी गळ्यातली पोत नकळत काढून पळाला तर?”

“चोरी.”

“मला पाडून ओढली तर?”

“जबरी चोरी. तेच पाच जणांनी मिळून केलं, तर दरोडा.”

विठाबाईंचे हात थांबले. “आणि दोघं म्हणाले, ‘पोत दे, नाहीतर उद्या पोरीला शाळेतून उचलू,’ अन् बाईनं आपल्याच हातानं काढून दिली तर?”

“तर खंडणी. जबरी चोरी नाही, कारण धमकी त्याच क्षणाची नाही, उद्याची आहे, आणि तिनं भीतीपोटी दिलीय,” दीपमाला म्हणाली आणि एकदम तिनं आईच्या गळ्याकडे पाहिलं. ती चौथीत असताना आईची पोत हरवली होती. निदान घरात तसंच सांगितलं होतं.

“मीच दिली गं. म्हणून कुणाला सांगायची लाज वाटली.”

दीपमालानं पुस्तक मिटून आईचे ओले हात धरले. “भीतीनं दिलं म्हणजे राजीखुशीनं दिलं असं कायदासुद्धा म्हणत नाही, आई. गुन्हा त्यांचा आहे.”

इतक्या वर्षांनी विठाबाई लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडल्या.