दुसऱ्या मीटरसाठी

मी इस्त्री लावली आणि पलीकडे थोरल्या जाऊबाईंनी मिक्सर फिरवला, की मेन खटका पडलाच म्हणून समजा. मग मधल्या दारातून दोघींची तोंडं सुरू. शिवणकाम माझी हौस नाही हो, पोट आहे. खटक्यापायी शाळेच्या गणवेशांचं काम वेळेत गेलं नाही, ते हातचं गेलं. तेव्हा ठरवलं, आपलं वेगळं मीटर घ्यायचं.

घर सासूबाईंच्या नावावर, म्हणजे त्यांचं ना-हरकत पत्र हवं. त्यांनी चष्मा शोधला, सही ठोकली, घरपट्टीची पावतीही काढून दिली. "घे बाई, रोजची कटकट तरी मिटेल."

वीज कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "लोड किती टाकू?"

"कमीत कमी."

"इस्त्री आहे ना? मग आज कमी टाकाल आणि उद्या वाढवायला याल. तीन किलोवॅट टाका."

टाकले. मग वायरमनच्या चाचणी अहवालावरचा शिक्का पुसट निघाला, परत या. परत गेले, तर साहेब बाहेर. हेलपाटे घालून घालून जीव मेटाकुटीला आला.

शेवटी साहेब तपासणीला आले. अर्थिंग पाहिलं, मीटरची जागा पाहिली, मान डोलावली. मी हुश्श करतेय, तोच मधल्या दारातून काठी टेकत सासूबाई आल्या.

"हे दार कुठं जातं?" साहेबांनी विचारलं.

"थोरल्यांकडे. आतून घर एकच आहे की!" मीच बोलले. माझ्या तोंडाला कुलूप कसलं ते नाही.

"मग दुसरं मीटर मिळणार नाही. दोन भाग पूर्ण वेगळे पाहिजेत. हे दार विटांनी बंद करा, मग पुन्हा बघतो."

सासूबाई सकाळी तिकडे, दुपारी इकडे. रस्त्याकडच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

"राहू दे तो अर्ज," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. त्यांना ते कळलं असणार.

"गवंड्याला बोलव," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "हिचं काम जातंय."

विटा कमरेएवढ्या आल्या तेव्हा गवंडी थांबला. "आजी, तुमची खुर्ची कुठल्या बाजूला ठेवू?"

जाऊबाई पलीकडे, मी अलीकडे. सासूबाईंनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं.

"पलीकडे ठेव. रात्री उठावं लागतं, बाथरूम तिकडे जवळ आहे."

जाऊबाईंनी आणि माझ्या नवऱ्याने दोन्हीकडून धरून त्यांना विटांवरून पलीकडे घेतलं. गवंडी पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळाने खुर्चीतल्या त्यांचं नुसतं डोकं दिसायला लागलं. मला रडू आवरेना.

"आई, उद्या येते हं मी तिकडे."

"ये की," त्या म्हणाल्या. "बाहेरून ये."