आबांचा भात आणि कोल्याचा पाव

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या भाड्याच्या घरात सावनीचा सगळ्यात जास्त राग होता तो घरमालकिणीवर. रशियन बाई, गालिना पेत्रोव्हना. नावापुढे वडिलांचं नाव, एवढंच काय ते आपल्यासारखं. फोडणी घातली म्हणून खिडकी उघडावी, तर बाई धावत येऊन ती धाडकन लावायची. "स्क्वोझ्न्याक!" म्हणजे वारा. घरातून आरपार वारा गेला की माणूस मरतो, अशी तिची ठाम समजूत.

तेही चाललं असतं. पण नागपूरला तिचे आजोबा, आबा, वारले, व्हिसाच्या भानगडीत सावनीला जाता आलं नाही, आणि दहाव्याला तिने मागच्या पायरीवर कावळ्यासाठी ठेवलेला दहीभात गालिनाने "क्रीसी! उंदीर येणार!" म्हणत थेट कचऱ्यात टाकला. काय बोलणार, आणि कुठल्या भाषेत? तेव्हापासून सावनी आतल्या आत धुमसत होती.

या आठवड्यात बाईने नवीनच टूम काढली. बाथरूमच्या आरशावर टॉवेल. सावनीने काढला की पुन्हा टॉवेल. आज तर ओट्याच्या कडेला कुणाच्या तरी फोटोपुढे भरलेला ग्लास आणि त्यावर वाळलेला काळा पाव. माझ्या एका चमच्यावरून घर डोक्यावर घेते, आणि स्वतःचा हा पसारा! सावनीने पाव कचऱ्यात टाकला, ग्लास घासून पालथा घातला.

"श्तो ती नद्येलाला!" गालिना दारातच किंचाळली. काय करून बसलीस! मग दाराकडे बोट. "वोन! यू गो! संडे, गो!"

सेमिस्टरच्या मध्यावर, ऐन थंडीत, जायचं कुठे? सावनीचं डोकंच फिरलं. "तुमचा पसारा आवरला तर मीच बाहेर?" ती मराठीतच ओरडली.

"ब्रात!" गालिनाने फोटो छातीशी धरला. "कोल्या. माय ब्रदर. उमेर! फॉर्टी डेज सोल इज हिअर. वोदका, ब्रेड, फॉर हिम. मिरर, क्लोज!"

उमेर. म्हणजे गेला. आठवडाभर फोनवर रडताना बाई हाच शब्द म्हणत होती. सावनीला शरम वाटली, पण राग काही उतरला नाही.

"अँड माय राइस? माय ग्रँडफादर उमेर! दॅट वॉज हिज राइस! फॉर ब्लॅक बर्ड!" तिने हात पंखांसारखे हलवले. "यू थ्रू इट!"

गालिना मटकन खुर्चीत बसली. मग उठून तिने पालथा ग्लास पुन्हा भरला, नवा पाव कापून वर ठेवला. शेजारी दुसरा ग्लास मांडून वोदकाची तीच बाटली तिरकी केली.

"नो! आबा माळकरी होते!" सावनीने ग्लासवर हात ठेवला. "वॉटर."

गालिनाने पाणी ओतलं. त्यावरही पाव ठेवला. रविवारचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सकाळी सावनी उठली ती थंडीने काकडतच. मागचं दार सताड उघडं होतं, आणि समोरची खिडकीही. पायरीवर कागदी ताटलीत भात, आणि कोट चढवून, हातात झाडू घेऊन खारींना हाकलत उभी गालिना पेत्रोव्हना.

"गालिना पेत्रोव्हना, स्क्वोझ्न्याक!" सावनी म्हणाली.

"तीखा!" ओठांवर बोट ठेवत गालिना दबक्या आवाजात खेकसली. कुंपणावर कावळा बसला होता.