आनाक-आनाक

आखातात रस लफानला आमच्या मलेशियन कंपनीत हमदान नावाचा वेल्डर मंगळवारी स्कॅफोल्डिंगवरून पडून मेला. शोकाची नोटीस त्याचा फोरमन झैनल याने मलयमध्ये लिहिली. ती इंग्रजीत टाइप करणं माझं, एचआरच्या क्लार्कचं काम.

"मागे पत्नी आणि आनाक-आनाक," तो सांगू लागला. "आनाक म्हणजे मूल, दोनदा म्हटलं की मुलं. 'चिल्ड्रन' टाइप कर, जॅनेट."

मी वैतागले. "फाइलमध्ये एकच मुलगी आहे. माझ्या हातून चुकीची नोटीस जाणार नाही. 'चाइल्ड'च लिहीन."

"दुसरं याच आठवड्यात होणार आहे. घरी जायला रजा मागितली होती ना त्याने, तुझ्याकडेच."

मी ट्रे उपसला. अर्ज तळाशी सापडला. कारण, बायकोचं बाळंतपण. रजा याच सोमवारपासून हवी होती. सोबत डॉक्टरचा कागद नव्हता म्हणून मी अर्ज बाजूला ठेवला होता, आणि त्याला तसं सांगायचं राहूनच गेलं होतं.

मी 'चिल्ड्रन' टाइप केलं.

"आता बरोबर आहे," झैनल म्हणाला, आणि नोटीस लावायला घेऊन गेला.